वहीतल्या टिपणांपासून परीक्षणापर्यंत: कुन यांचं एक पुस्तक

थॉमस कुन यांचं 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रिव्होल्यूशन्स' (१९६२) वाचताना टिपणं पानांच्या क्रमाने जमतात. परीक्षण लिहिताना तो क्रम मोडा. प्रत्येक टिपणाला विचारा: हे कुन यांचं म्हणणं, की माझं?

त्यांचं म्हणणं सारांशात जाईल, तेही युक्तिवादाच्या क्रमाने: एका पॅराडाइममध्ये नेहमीचं संशोधन चालतं, न जुळणारी निरीक्षणं साठतात, पेच पडतो, शेवटी पॅराडाइमच बदलतो.

'पॅराडाइमचा अर्थ सारखा बदलतोय' हे टिपण मात्र मूल्यमापनातलं. त्याला पुरावा हवा. मार्गारेट मास्टरमन यांनी या शब्दाचे किमान २१ अर्थ दाखवले होते. पण १९७०च्या आवृत्तीतल्या पुरवणीत कुन यांनीच दोन मुख्य अर्थ वेगळे केले: शास्त्रज्ञांच्या गटाची सामायिक चौकट आणि नमुन्यादाखल सोडवलेली उदाहरणं. हे गाळलंत तर टीका एकतर्फी होते.

निष्कर्ष या टीकेतूनच यावा. माझा असा: आराखडा पटतो, शब्द सैल आहे, म्हणून पुरवणी असलेलीच आवृत्ती घ्या आणि 'पॅराडाइम' दिसला की कोणता अर्थ ते समासात लिहा. तुमचा निष्कर्ष 'पुस्तक वाचनीय आहे' एवढाच असेल, तर मूल्यमापन अजून लिहायचंच राहिलंय.