‘आम्ही’ आणि ‘आपण’ : सर्वनाम-विवेचनातील एक उणीव

मराठी व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही सर्वनामे बहुधा प्रथमपुरुषाच्या एकाच यादीत येतात; मात्र श्रोत्याचा समावेश होतो की नाही, हा त्यांतील भेद पुरेसा स्पष्ट केला जात नाही. ‘आम्ही चहा घेऊ’ या वाक्यातून श्रोता वगळला जातो. ‘आपण चहा घेऊ’ यात तो सहभागी असतो. हिंदीत हे दोन्ही अर्थ ‘हम’नेच व्यक्त होतात. त्यामुळे हिंदीभाषक विद्यार्थी पाहुण्याला निमंत्रण देताना पहिले वाक्य योजून त्यालाच नकळत वगळू शकतो. गुजरातीभाषकाला मात्र ‘अमे’ व ‘आपणे’ यांमुळे हा भेद परिचित असतो.

खरी अडचण पुढे आहे. ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. ‘आपण आलो’ व ‘आपण आलात’ येथे क्रियापदाचे रूप अर्थ निश्चित करते. ‘आपण उद्या येणार का?’ येथे मात्र ‘येणार’ हे रूप पुरुष दर्शवीत नसल्याने संदर्भच निर्णायक ठरतो. म्हणूनच सर्वनामांची केवळ यादी अपुरी असून त्यांचे विवेचन क्रियापदरूपांसह होणे आवश्यक आहे.