‘छोट्या ऑर्डरी तू पास कर’

चाकणच्या एका कारखान्यातल्या खरेदीप्रमुख मॅडम ९ ते २० फेब्रुवारी लेकीकडे टोरांटोला निघाल्या होत्या. जाण्याआधी हाताखालच्या अधिकाऱ्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेलं बोलणं एवढंच:

‘छोट्या ऑर्डरी तू पास कर. मोठं काही आलं तर फोन कर.’
‘हो मॅडम. पत्र्याचं काय करू?’
‘तो भाव वाढवून मागतोय, ताणून धर. ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल बघून घे. माझ्याच लॉगिनने कर सगळं.’
‘बरं मॅडम.’

रोज शेजारी बसणाऱ्या दोघांना हे पुरतं. पण त्याच संध्याकाळी मॅडमनी मेल लिहिला, आणि वाचण्यासारखा आहे तो हा मेल.

पहिलं वाक्य असं: ‘५० हजार रुपयांपर्यंतची ऑर्डर तुम्ही मंजूर करावी, मात्र एकाच पुरवठादाराच्या आठवड्याभरातल्या ऑर्डरींची बेरीज दीड लाखावर जाऊ नये.’ चॅटमधला ‘तू’ इथे ‘तुम्ही’ झाला, कारण हा मेल लेखा विभाग आणि प्लँटहेडही वाचणार आहेत. पण खरी करामत ‘मात्र’नंतर आहे. नुसती ५० हजारांची मर्यादा घातली की २ लाखांच्या मालाच्या चार ऑर्डरी होतात, आणि त्या करणाऱ्याला आपण काही वावगं केलं असंही वाटत नाही. काम अडलं होतं, एवढंच तो सांगतो. आठवड्याची बेरीज धरली की ही पळवाट बुजते, तीही कुणावर संशय न घेता. पुढे ‘स्वतः तयार केलेली ऑर्डर स्वतः मंजूर करू नये, ती प्लँटहेडकडे पाठवावी’ असं येतं. चॅटमध्ये याचा मागमूस नव्हता, कारण एरवी ऑर्डर तो करी आणि सही मॅडम करत. मॅडम गेल्या की दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसणार, हे त्यांनी मेल लिहितानाच ओळखलेलं दिसतं.

‘ताणून धर’ची उकल मला सगळ्यात आवडली. ‘पत्र्याचा भाव बदलण्याचा अधिकार दिलेला नाही. चालू भावाने माल उचलत राहावं. साठा आज नऊ दिवसांचा आहे; तो चार दिवसांवर आला आणि पुरवठादाराने गाडी थांबवली, तर प्लँटहेडशी बोलावं.’ भाव कमी करून आणणाऱ्याला शाबासकी मिळते आणि लाइन बंद पाडणाऱ्याला बोलणी, म्हणून बदलीवर बसलेला माणूस घाबरून भाव मान्य करून टाकतो. इथे त्याच्या हाती एक आकडा आहे. साठा चारच्या वर आहे तोवर तो निवांत ‘नाही’ म्हणू शकतो. पुरवठादाराला दाखवायला त्याच्याकडे अधिकार नसल्याचा लेखी पुरावाही आहे. सौदेबाजीत न दिलेला अधिकार असा कामी येतो.

ट्रान्सपोर्टवाल्याची ओळ कोरडी आहे, पण चोख: बिल लॉरी पावत्यांशी ताडून १२ तारखेपर्यंत लेखा विभागाला द्यावं, पैसे सोडण्याचा निर्णय त्यांचा. तारीख उगाच नाही. हा वाहतूकदार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहे. लेखी करार असला तरी अशाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, लांबले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.

लॉगिनचं वाक्य मेलमध्ये सापडत नाही. त्या जागी आहे: ‘ईआरपीमध्ये तुमच्या नावाने मंजुरी सुरू केली आहे; २० तारखेला रात्री ती आपोआप बंद होईल.’ मॅडमच्या पासवर्डने पास झालेल्या ऑर्डरीवर मॅडमचंच नाव पडलं असतं, आणि त्या तर टोरांटोत. ऑडिटरच्या प्रश्नाला दोघांकडेही उत्तर उरलं नसतं. चॅटमधली सवयीची चूक मॅडमनी एका शब्दाचीही कबुली न देता पुसली, याला मी तरी लेखनकौशल्यच म्हणेन.

संपर्कांची यादी बहुतेक मेलमध्ये नावं आणि नंबरांची रांग असते. इथे प्रत्येक नंबराआधी अडचण लिहिली आहे: माल नाकारला गेला तर गुणवत्ता विभाग, ५० हजारांवरची ऑर्डर आली तर प्लँटहेड, ते अर्ध्या तासात मिळाले नाहीत तर वित्तप्रमुख. स्वतःचा नंबर मॅडमनी शेवटी ठेवला आहे: ‘लाइन थांबण्याची वेळ आली तरच, भारतातल्या संध्याकाळी साडेसात ते नऊ.’ टोरांटो फेब्रुवारीत साडेदहा तास मागे असतं, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ वाजलेले. हा हिशेब करण्याचं काम त्यांनी घाबरलेल्या माणसावर टाकलं नाही.

एक जागा मात्र कच्ची राहिली. ‘तातडीची खरेदी असल्यास मर्यादा शिथिल समजावी’ असं खालून दुसऱ्या ओळीत आहे, आणि तातडी कुणी ठरवायची ते नाही. वर एवढ्या निगुतीने घातलेलं कुंपण या ओळीने उघडं पडतं. सुदैवाने ‘बरं मॅडम’ म्हणणाऱ्याने या वेळी नुसतं ‘बरं’ म्हटलं नाही. त्याने मेललाच उत्तर दिलं, सगळ्यांना प्रत ठेवून: ‘तातडी प्लँटहेडनी मेलवर कळवली तरच धरतो. चालेल ना?’ मॅडमचं उत्तर विमानतळावरून आलं: ‘चालेल.’