भाववाढ आणि भांडवली अंदाजपत्रक : ‘वास्तवास वास्तव, नाममात्रास नाममात्र’ या नियमाची चिकित्सा

सारांश : भांडवली गुंतवणुकीचे मूल्यमापन करताना वास्तव रोख प्रवाहांस वास्तव वटाव दर आणि नाममात्र रोख प्रवाहांस नाममात्र वटाव दर लावावा, हा नियम सर्वमान्य आहे. तथापि तो ज्या रीतीने शिकविला व वापरला जातो, तीत दोन दोष आढळतात. एक, नियम मोडला गेल्याचे लक्षातच येत नाही. दोन, नियम शब्दशः पाळूनही उत्तर चुकते. प्रस्तुत लेखात या दोन्ही दोषांची एका उदाहरणाच्या आधारे चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : भाववाढ, वटाव दर, निव्वळ वर्तमान मूल्य, घसारा, खेळते भांडवल.

१. प्रास्ताविक

वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर वर्गात भांडवली अंदाजपत्रक शिकविताना भाववाढीचा भाग बहुधा शेवटी येतो आणि एका वाक्यात संपतो. विद्यार्थी ते वाक्य पाठ करतो, परीक्षेतील उदाहरणही सोडवितो. परंतु त्याच विद्यार्थ्यापुढे एखाद्या उद्योगाचा प्रकल्प अहवाल ठेवला, तर त्यातील रोख प्रवाह वास्तव आहेत की नाममात्र, हे त्यास सांगता येत नाही. कारण अहवालात तसे कोठेही लिहिलेले नसते. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात प्रवाहांचे स्वरूप आधीच दिलेले असते, व्यवहारात ते ओळखावे लागते. या नियमाच्या अध्यापनातील खरी उणीव येथे आहे.

नियमामागील संबंध अर्व्हिंग फिशर यांच्या नावाने ओळखला जातो. तो असा :

(१ + नाममात्र दर) = (१ + वास्तव दर) × (१ + भाववाढीचा दर)

नाममात्र दर १२ टक्के आणि अपेक्षित भाववाढ ५ टक्के असल्यास वास्तव दर १.१२ भागिले १.०५ वजा १, म्हणजे ६.६७ टक्के येतो. केवळ वजाबाकी केली तर तो ७ टक्के भासतो. हा फरक किरकोळ वाटला, तरी दीर्घ मुदतीच्या प्रकल्पात तो साचत जातो.

२. उदाहरण

पुढील आकडे केवळ विवेचनासाठी घेतले आहेत. एका डाळ गिरणीसाठी १०० लाख रुपयांची यंत्रसामग्री घ्यावयाची आहे. तिचे आयुष्य ५ वर्षे असून अखेरीस मोडीची किंमत शून्य आहे. आजच्या किमतींनुसार खर्च वजा जाता दरवर्षी २७ लाख रुपये करपूर्व रोख मिळेल आणि ही रक्कम सर्वसाधारण भाववाढीबरोबर ५ टक्क्यांनी वाढत जाईल. कराचा दर २५ टक्के आहे. घसारा सरळ रेषा पद्धतीने वर्षाला २० लाख धरला आहे. करोत्तर नाममात्र भांडवल खर्च १२ टक्के आहे.

घसारा ही रोखीची जावक नव्हे, परंतु त्यामुळे कर वाचतो. म्हणून वार्षिक करोत्तर रोखीचे दोन भाग पडतात. पहिला, कामकाजातून मिळणारी करोत्तर रोख, २७ लाखांच्या ७५ टक्के म्हणजे २०.२५ लाख, दुसरा, घसाऱ्यामुळे होणारी करबचत, २० लाखांच्या २५ टक्के म्हणजे ५ लाख. दोहोंची बेरीज २५.२५ लाख होते. पुढील विवेचन या दोन भागांतील भेदावर आधारलेले आहे.

३. पहिला दोष : नकळत होणारी सरमिसळ

अनेक प्रकल्प अहवालांत विक्रीची किंमत, कच्च्या मालाचा भाव आणि मजुरी पाचही वर्षे एकच धरलेली असते. ‘भविष्यातील किमतींचा अंदाज अनिश्चित असल्याने चालू किमती गृहीत धरल्या आहेत’, अशा आशयाची टीप खाली असते. हे सावधपणाचे लक्षण मानले जाते. वस्तुतः असे करताच रोख प्रवाह वास्तव होतात. वटाव दर मात्र बँकेच्या व्याजदरावरून घेतला जातो, आणि बँकेच्या व्याजदरात अपेक्षित भाववाढीची भरपाई आधीच समाविष्ट असते.

आपल्या उदाहरणात स्थिर २५.२५ लाखांस १२ टक्के दर लावला, तर पाच वर्षांचे वर्तमान मूल्य ९१.०२ लाख भरते. निव्वळ वर्तमान मूल्य उणे ८.९८ लाख येते आणि प्रकल्प फेटाळला जातो. अंतर्गत परतावा दर काढणाराही याच फसगतीत सापडतो. या स्थिर प्रवाहाचा परतावा दर सुमारे ८.३ टक्के येतो. तो १२ टक्क्यांशी ताडून पाहिला की प्रकल्प अपात्र ठरतो. परंतु स्थिर किमतींतील परतावा दराची तुलना ६.६७ टक्क्यांशीच व्हावयास हवी.

योग्य आकडेमोड नाममात्र पद्धतीने पुढीलप्रमाणे होते. २०.२५ लाख दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतात, त्यात ५ लाखांची करबचत मिळविली की पाच वर्षांचे प्रवाह अनुक्रमे २६.२६, २७.३३, २८.४४, २९.६१ आणि ३०.८४ लाख होतात. १२ टक्के दराने त्यांचे वर्तमान मूल्य १०१.८० लाख भरते. म्हणजेच निव्वळ वर्तमान मूल्य अधिक १.८० लाख आहे. स्वीकारण्याजोगा प्रकल्प केवळ सरमिसळीमुळे नाकारला गेला.

ही चूक नवशिक्यांपुरती मर्यादित नाही. मोदिग्लियानी आणि कोन यांनी १९७९ साली असे प्रतिपादन केले की, १९७० च्या दशकातील भाववाढीच्या काळात अमेरिकेतील गुंतवणूकदार कंपन्यांच्या वास्तव उत्पन्नास नाममात्र दराने वटवीत होते आणि म्हणून समभागांचे मूल्य कमी आकारले जात होते. या प्रतिपादनावर पुढे मतभेद झाले. तथापि अनुभवी बाजारालाही ही सरमिसळ जडू शकते, ही शंका त्यामुळे अभ्यासाच्या कक्षेत आली.

सरमिसळ ओळखण्याची एक सोपी खूण आहे. अहवालातील विक्रीची ओळ वर्षानुवर्षे, उत्पादनात बदल नसताना, स्थिर आहे काय ते पाहावे. त्याच तक्त्यात कर्जाचे हप्ते मांडलेले असतील तर दोष अधिक स्पष्ट होतो. हप्ता करारानुसार ठरलेली नाममात्र रक्कम असते. ती स्थिर किमतींतील उत्पन्नातून वजा करणे म्हणजे दोन वेगळ्या मापांची वजाबाकी करणे होय.

४. दुसरा दोष : नियम पाळूनही होणारी चूक

सरमिसळ टाळावयाची म्हणून जो अभ्यासक २५.२५ लाखांच्या स्थिर प्रवाहास ६.६७ टक्के हा वास्तव दर लावील, त्याने नियम शब्दशः पाळला असे वाटेल. त्यास वर्तमान मूल्य १०४.४६ लाख आणि निव्वळ वर्तमान मूल्य अधिक ४.४६ लाख मिळेल. परंतु नाममात्र पद्धतीचे उत्तर १.८० लाख होते. दोन्ही पद्धतींनी एकच उत्तर यावे, हे तर नियमाचे आश्वासन आहे. मग हा २.६६ लाखांचा फरक कोठून आला?

तो घसाऱ्याच्या करबचतीतून आला. आयकरासाठी घसारा यंत्राच्या मूळ खर्चावर मोजला जातो; बाजारातील किमती वाढल्या म्हणून तो वाढत नाही. म्हणून ५ लाखांची करबचत ही वास्तव नव्हे, तर नाममात्र रक्कम आहे. आजच्या किमतींत तिचे मोल पहिल्या वर्षी ४.७६ लाख, तर पाचव्या वर्षी केवळ ३.९२ लाख उरते. ही घटती मालिका वास्तव दराने वटविली की तिचे वर्तमान मूल्य १८.०२ लाख येते. सरळ ५ लाखच १२ टक्क्यांनी वटविले तरी तेवढेच येते. वरील अभ्यासकाने मात्र ते २०.६९ लाख धरले. भाववाढ घसाऱ्याची करबचत झिजवून गुंतवणुकीचे आकर्षण कमी करते, हा मुद्दा चार्ल्स नेल्सन यांनी १९७६ मध्ये मांडला होता. आपल्या वर्गांत मात्र तो क्वचितच पोहोचतो. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा आकारल्यास करबचत आधीच्या वर्षांत एकवटते आणि झीज काहीशी कमी होते, पण नाहीशी होत नाही.

खेळत्या भांडवलाबाबत असेच घडते, फक्त उलट अंगाने. गिरणीस आजच्या किमतींत १० लाखांचा साठा व उधारी सांभाळावी लागते असे समजू. सर्वसाधारण मांडणीत आरंभी १० लाख जावक आणि पाचव्या वर्षी १० लाख आवक दाखविली जाते. वास्तव दराने याचा निव्वळ भार २.७६ लाख येतो. परंतु तेवढीच तूर साठविण्यास दरवर्षी ५ टक्के अधिक पैसा लागतो. पहिल्या चार वर्षांच्या अखेरीस अनुक्रमे सुमारे ५०, ५३, ५५ आणि ५८ हजार रुपये नव्याने घालावे लागतात, आणि अखेरीस १२.१६ लाख परत मिळतात. १२ टक्के दराने हा भार ४.७३ लाख होतो.

आता तीनही मांडण्यांची अंतिम उत्तरे एकत्र पाहू.

तक्ता क्र. १ : खेळत्या भांडवलासह निव्वळ वर्तमान मूल्य (लाख रुपये)

| मांडणी | मूल्य |
|---|---|
| स्थिर प्रवाह, नाममात्र दर | −१३.३१ |
| स्थिर प्रवाह, वास्तव दर | +१.७० |
| प्रत्येक बाबीचे स्वरूप तपासून | −२.९३ |

पहिल्या मांडणीने प्रकल्प नाकारला, दुसरीने स्वीकारला. खेळते भांडवल धरता योग्य निर्णय नाकारण्याचाच आहे. परंतु पहिल्या मांडणीचा निर्णय येथे बरोबर ठरला तो योगायोगाने, कारण खेळते भांडवल वगळल्यास तीच मांडणी चुकली होती. दुसरी मांडणी अधिक धोक्याची म्हणावी लागेल. ती नियमाच्या आधाराने उभी असल्याने तिच्यावर कोणी शंका घेत नाही.

५. नियमाची मर्यादा

एकच भाववाढ दर सर्व बाबींना लागू पडेल, हे वरील उदाहरणातील गृहीतक सोयीचे आहे, खरे नव्हे. वीज, मजुरी, कच्चा माल आणि पक्का माल यांच्या किमती वेगवेगळ्या गतीने वाढतात. अशा वेळी प्रवाहातील प्रत्येक बाबीस तिचा स्वतःचा वाढीचा दर लावावा. वटाव दरातील भाववाढ मात्र सर्वसाधारणच ठेवावी. कोणता निर्देशांक घ्यावा हाही प्रश्न उरतो. भारतात २०१५ साली घाऊक किमतींचा निर्देशांक घसरत असताना ग्राहक किमतींचा निर्देशांक वाढत होता. एकाच नाममात्र दरातून त्या वर्षी दोन अगदी भिन्न वास्तव दर निघाले असते. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर भाववाढीचे उद्दिष्ट ग्राहक किमतींवर आधारलेले आहे. त्यामुळे दीर्घकालीन अपेक्षेसाठी तो निर्देशांक घेणे सयुक्तिक ठरते. गिरणीच्या मालाचा भाव मात्र त्या निर्देशांकाने ठरत नाही.

६. निष्कर्ष

‘वास्तवास वास्तव, नाममात्रास नाममात्र’ हा नियम चुकीचा नाही. तो संपूर्ण प्रवाहास एकाच शिक्क्याने लावणे चुकीचे आहे. नियमाचे एकक प्रवाहाची बेरीज नसून प्रवाहातील प्रत्येक बाब आहे. कर, घसारा, कर्जाचे हप्ते आणि ठरीव भाडे या बाबी कायद्याने वा कराराने पैशांत बांधलेल्या असतात. यास्तव करपात्र उद्योगाचे मूल्यमापन नाममात्र पद्धतीने करणे अधिक सुरक्षित होय, कारण तीत बांधलेल्या रकमा जशाच्या तशा राहतात आणि वाढणाऱ्या बाबीच तेवढ्या वाढवाव्या लागतात. वास्तव पद्धत वापरावयाची असल्यास बांधलेली प्रत्येक रक्कम आधी भाववाढीने भागून घ्यावी. दोन्ही पद्धतींनी उत्तर काढून ते जुळते का हे पाहणे, हीच या आकडेमोडीची खरी पडताळणी आहे. अध्यापनात विद्यार्थ्यास नियम सांगण्यापूर्वी एक तक्ता देऊन, ‘यातील कोणती ओळ भाववाढीबरोबर हलेल?’ हा प्रश्न विचारला, तर पुढील नियम त्यास स्वतःच मांडता येईल.