मासिक पर्जन्याचा वर्णपट व बारा महिन्यांचे आवर्तन
चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील मासिक पर्जन्याचे विविक्त फूरिए रूपांतर काढावे आणि सर्वांत उंच स्तंभास प्रमुख आवर्तन म्हणावे, ही रीत सोयीची असली तरी निर्दोष नाही. मालिका १२६ महिन्यांची असल्यास दहाव्या स्तंभाचा अवधी १२.६ महिने आणि अकराव्याचा सुमारे ११.५ महिने येतो. वार्षिक आवर्तन नेमके या दोहोंच्या मध्ये पडते. केवळ उंची पाहणाऱ्यास पावसाळा बारा महिन्यांनी येतच नाही, असे म्हणावे लागेल!

रूपांतर मालिका पुनःपुन्हा जोडलेली मानते. जानेवारीत आरंभ झालेल्या या मालिकेत जूननंतर पुन्हा जानेवारी येतो. त्या सांध्यामुळे शुद्ध वार्षिक तरंगही दोन्ही स्तंभांत सुमारे ६४ टक्केच उरतो आणि साडेतीन वर्षांच्या स्तंभापर्यंत सुमारे ४ टक्के झिरपतो. तेथील २ टक्क्यांचे खरे आवर्तन त्यात बुडून जाईल.

मालिका १२० महिन्यांवर तोडल्यास दोष जातो. पण त्यासाठी अवधी आधीच ठाऊक हवा. अन्यथा सरासरी वजा करून दोन्ही टोके हळूहळू शून्यास नेणारे हान गवाक्ष लावावे. (हान हे हवामानशास्त्रज्ञच होते.) तेथील गळती मग सहस्रांशाहून कमी होते. मात्र शिखर दुप्पट रुंदावते आणि निकटची आवर्तने एकमेकांत मिसळतात.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. जिल्हावार सरासरीच्या मालिकेत त्यामुळे येणारी पायरी कोणतेही गवाक्ष पुसू शकत नाही.