गुल्मातले ९ हत्ती आले कुठून? सातवाहनांचं सैन्य, कर आणि नाशिकचे दोन हुकूम

नेट, सेट किंवा पेट देणाऱ्या बहुतेकांनी सातवाहन प्रशासन रामशरण शर्मांच्या पुस्तकातून वाचलेलं असतं. जुन्या एनसीईआरटीतून किंवा नंतरच्या 'इंडियाज एन्शन्ट पास्ट'मधून. त्यातला एक मुद्दा नोट्समध्ये हमखास उतरतो: ग्रामीण भागाचा कारभार गौल्मिकाकडे होता, हा गौल्मिक ९ रथ, ९ हत्ती, काही घोडे आणि ४५ पायदळ असलेल्या तुकडीचा प्रमुख होता, 'कटक' आणि 'स्कंधावार' म्हणजे छावण्या हीच प्रशासनाची केंद्रं होती, म्हणून सातवाहन कारभारात बळजबरीचा वाटा मुख्य होता.

या पोस्टमध्ये हा मुद्दा तपासायचा आहे. शर्मा मोठे अभ्यासक होते आणि राज्याचा खर्च कोण भरतो हा प्रश्न त्यांनी भारतीय इतिहासलेखनात ठामपणे आणला, ते श्रेय त्यांचंच. पण या विधानाच्या खाली पुरावा किती आहे, आणि तो पुरावा खरं तर काय सांगतो?

आधी हत्ती. सातवाहनांच्या एकाही शिलालेखात गुल्माचं संख्याबळ दिलेलं नाही. मग ९ हत्ती आले कुठून? महाभारताच्या आदिपर्वात अक्षौहिणीचं गणित आहे. १ रथ, १ हत्ती, ३ घोडे आणि ५ पायदळ मिळून एक पत्ती. तिची तिप्पट म्हणजे सेनामुख. सेनामुखाची तिप्पट म्हणजे गुल्म. करून बघा: ९ रथ, ९ हत्ती, २७ घोडे, ४५ पायदळ. पुढे अनीकिनीपर्यंत सगळीकडे तीननेच गुणत जायचं. हा ग्रंथातला आदर्श तक्ता आहे. खऱ्या सैन्यात माणसं पळतात, घोडे मरतात, तुकड्या अर्ध्यावर येतात. तक्त्यातली संख्या उचलून शिलालेखातल्या अधिकाऱ्याला चिकटवली की ती मोजमापासारखी दिसू लागते. विज्ञानातून आलेल्यांसाठी सांगायचं तर, दुसऱ्याच नमुन्याचं वाचन आपल्या नमुन्याच्या रकान्यात भरल्यासारखं आहे हे.

गौल्मिक मात्र खरा आहे. आंध्र प्रदेशात अदोनीजवळच्या म्याकडोनीला राजा पुळुमावीचा ८व्या राज्यवर्षातला लेख आहे. त्यात जनपद महासेनापती खंदनागाच्या नावावर आणि गाव गुमिक (म्हणजेच गौल्मिक) कुमारदत्ताच्या नावावर सांगितलेलं आहे. लष्करी हुद्द्याची माणसं मुलूख सांभाळत होती, या शर्मांच्या मुद्द्याला हा भक्कम आधार आहे. पण तो लेख कशाबद्दल आहे? गावातल्या एका गृहपतीने तलाव खोदला, त्याबद्दल. सेनापती आणि गुमिक यांची नावं फक्त गाव कुठलं हे सांगण्यापुरती आली आहेत. ते गावाकडून काय घेत, किती घेत, सैनिकाला काय मिळे, यातलं काहीच तिथे नाही. हुद्द्यावरून व्यवस्थेचं स्वरूप ठरवणं म्हणजे दारावरची पाटी वाचून घरातला हिशेब सांगणं.

मग हिशेब शोधायचा कुठे? माझं म्हणणं असं, की तो करमाफीच्या याद्यांमध्ये शोधावा. राजा एखादी जमीन दान देताना तिथे काय घेतलं जाणार नाही ते लिहून देतो. जे माफ केलं, ते एरवी घेतलं जात असणार.

यासाठी नाशिकच्या पांडवलेण्यातल्या ३ क्रमांकाच्या लेण्यातले दोन हुकूम बघा. दोन्ही गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळातले. पहिला त्याच्या १८व्या राज्यवर्षातला, आणि तो निघालाय राजधानीतून नाही, तर विजयाच्या स्कंधावारातून. नगरकरांना भिंगार कॅम्प माहीत असतो, तेव्हा 'छावणी' समजायला अडचण नाही. फरक एवढाच, की ही छावणी राजाबरोबर हलत होती. हुकूम गोवर्धन इथल्या विण्हुपालित नावाच्या अमात्याला आहे. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं ठाणं आणि त्याच्या भोवतीचा 'आहार', म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा. आशय असा: पश्चिम कखडी गावातलं, आजवर उसभदाताच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तनांचं शेत डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं आहे. बहुतेक अभ्यासक हा उसभदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई मानतात. म्हणजे जिंकलेल्या मुलखातली, शत्रूपक्षाची जमीन नव्या राजाने लगेच वाटली.

त्या शेताला मिळालेल्या सवलती अशा. 'अपावेस', म्हणजे राजाच्या माणसांनी आत शिरायचं नाही. 'अनोमस', हात लावायचा नाही. 'अलोणखादक', मिठासाठी खणायचं नाही. 'अरठसंविनयिक', जिल्ह्याच्या अंमलदारांनी तिथे आपला अंमल चालवायचा नाही. आणि शेवटी, सर्व प्रकारच्या इतर सवलती.

आता ही यादी उलटी वाचा. सवलत नसलेल्या शेतात राजाची माणसं शिरत होती, वस्तूंना हात लावत होती, मीठ असेल तर खणून नेत होती, आणि जिल्ह्याचा अंमल होता. या चार कलमांत नाण्यातल्या कराचा उल्लेखच नाही. हा बोजा येणाऱ्या माणसाच्या रूपात गावावर पडत होता.

'शिरणारे' कोण, हे पुढच्या काळात स्पष्ट होतं. अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक इथे सापडलेला वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट ५व्या शतकातला आहे. तिथे कलमं लांबली आहेत. 'भट' म्हणजे शिपाई आत शिरणार नाहीत. आणि दौऱ्यावरच्या माणसांसाठी चारा, बसायला कातडी, जाळायला कोळसा द्यावा लागणार नाही. म्हणजे शिपाई गावात आला की त्याचं आणि जनावराचं खाणं, बसणं, शेकोटी, सगळं गावाने बघायचं. मात्र जपून: वाकाटकांच्या ताम्रपटातला तपशील थेट तीनेकशे वर्षं मागे नेऊन सातवाहनांना चिकटवला, तर आपण शर्मांच्या हत्तींचीच चूक पुन्हा करू. एवढंच म्हणता येईल, की दोन्हीकडे प्रवेशाचं कलम आहे आणि दिशा एकच आहे.

दुसरी सावधगिरी. मावळातल्या कार्ल्याच्या लेण्यात करजिक गावाच्या दानाचा हुकूम आहे. तो मामाल आहाराच्या अमात्याला आहे आणि सवलतींची हीच यादी, जवळपास त्याच शब्दांत, तिथेही येते. दोन वेगळ्या आहारांत तेच शब्द असतील, तर तो दफ्तराचा ठरलेला मसुदा आहे. कखडीत खरोखर मीठ खणलं जात होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. मसुदा आपल्याला राज्याचा दावा सांगतो. त्या गावातली परिस्थिती सांगत नाही. कुठलंही कलम पुराव्यात धरण्याआधी ते दुसरीकडे जसंच्या तसं येतं का, हे तपासा. आलं तर त्याचं वजन कमी करा.

आणि म्हणूनच दुसरा हुकूम महत्त्वाचा. तो २४व्या राज्यवर्षातला आहे, त्याच लेण्यात, राजा आणि राजमाता अशा दोघांच्या नावाने. गोवर्धनचा अमात्य आता श्यामक आहे. त्यात लिहिलंय, की आधी कखडी गावात दिलेलं शेत कसलं जात नाही आणि ते गाव वसत नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या स्वतःच्या शेतातली १०० निवर्तनं दिली आहेत. सवलती पुन्हा त्याच.

हे वाक्य कुठल्याच मसुद्यात बसत नाही, म्हणून ते विश्वासार्ह आहे. कोणताही राजा आपलं दान वाया गेलं हे हौसेने कोरून ठेवणार नाही. विचार करा: सैन्य जिंकलेलं आहे, हुकूम छावणीतून निघालेला आहे, करमाफी पूर्ण आहे. तरीही सहा वर्षांत शेत पडीक आणि गाव ओस. राजा तिथे माणसं बसवू शकला नाही. त्याने स्वतःच्या शेतातून भरपाई दिली, तीही निम्मी.

गाव का ओस पडलं, हे लेख सांगत नाही. युद्ध हे एक कारण असू शकेल, पण ते आपलं अनुमान. जे नक्की दिसतं ते हे, की शिपायाला गावात शिरण्याचा हक्क तेव्हाच कामाचा, जेव्हा गावात कुणी राहत असतं. 'बळजबरी मुख्य' हे विधान इथे अडखळतं. बळजबरी होती, माफीची यादीच तिची साक्ष आहे. पण फौज पोसण्याची मर्यादा कुणब्याच्या नांगरावर ठरत होती, छावणीत नाही.

मग सैनिकाला नाणी मिळत नव्हती का? १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. त्याने ती वितळवली नाहीत. शत्रूच्या चेहऱ्यावरच ठसा ठोकून पुन्हा चलनात आणली. घाईने रोख देणी भागवायची असतील तर हे शहाणपणाचं आहे, आणि मोठं रोख देणं म्हणजे फौज, असा तर्क करता येतो. पण तो तर्कच राहतो. सातवाहनांची रोजची नाणी मुख्यतः शिसं, तांबं आणि पोटीनची होती. त्यातलं सैनिकाच्या हाती किती गेलं, याचा कागद नाही.

तुलनेसाठी रोम घ्या. ऑगस्टसच्या काळात लीजनच्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस मिळत. निवृत्त सैनिकांच्या रकमेसाठी इ. स. ६ मध्ये वेगळा लष्करी खजिना काढला गेला, आणि त्यात वारसाहक्कावरचा ५ टक्के व लिलावावरचा १ टक्का कर जाई. तिथे कर, खजिना, शिपाई ही साखळी पूर्ण दिसते. आपल्याकडे दोन टोकं दिसतात: एका टोकाला माफी मागणारं गाव, दुसऱ्या टोकाला छावणी. मधली कडी शर्मांनी गौल्मिकाच्या तुकडीने भरली, आणि ती तुकडी आली महाभारतातून.

याच विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर 'सातवाहनांचं लष्करी प्रशासन' असं शीर्षक घेऊ नका. त्यासाठी साधनं तुटपुंजी आहेत. त्याऐवजी नाशिक आणि कार्ले इथले माफीचे लेख घ्या, दोन रकाने करा, ठरलेला मसुदा एकीकडे आणि मसुद्याबाहेरची वाक्यं दुसरीकडे. दुसरा रकाना छोटा राहील. पण 'ते गाव वसत नाही' हे त्याच रकान्यात येईल.