न मागितलेल्या सतरा नोंदी

वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकवण्याची एक पद्धत म्हणजे 'केस मेथड'. व्याख्यान देण्याऐवजी विद्यार्थ्यांना एका निर्णयाची गोष्ट आधी वाचायला द्यायची, वर्गात त्यांना त्या गोष्टीतल्या माणसांच्या जागी बसवून चर्चा घडवायची आणि शेवटी शिक्षकाने धागे जुळवून द्यायचे. या पद्धतीतला एक गाजलेला पाठ म्हणजे 'कार्टर रेसिंग'. जॅक ब्रिटन आणि सिम सिटकिन या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी तो तयार केला. वाणिज्याचा असला तरी त्याचा गाभा विज्ञानाचा आहे, म्हणून येथे त्याचे परीक्षण करत आहोत. पाठाचा मधला भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. समारोपाबद्दल मात्र आमची तक्रार आहे.

घरी वाचायची गोष्ट अशी. मोटारींच्या शर्यतीत उतरणारा एक छोटा व्यवसाय आहे. मोसमात 24 शर्यती झाल्या आणि त्यांतल्या 7 वेळा गॅस्केट फुटून इंजिन निकामी झाले. आज मोठी शर्यत आहे. ती चांगली गेली तर भरघोस प्रायोजक मिळेल, पण इंजिन दूरदर्शनवर सर्वांदेखत फुटले तर आहेत तेही जातील. हवा नेहमीपेक्षा थंड आहे, तापमान 40 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे साडेचार अंश सेल्सिअस. एका मेकॅनिकला वाटते की गॅस्केट फुटण्याचा थंडीशी संबंध आहे. दुसऱ्याला ते पटत नाही. मालकाने शर्यतीत उतरावे की नाही?

विद्यार्थ्यांच्या हाती एक आलेखही येतो. त्यावर फक्त त्या 7 शर्यतींचे बिंदू आहेत. सर्वांत थंड दिवस 53 अंशांचा, त्या दिवशी गॅस्केट तीन ठिकाणी गेले होते. पण 75 अंशांच्या उबदार दिवशीही ते दोन ठिकाणी गेले होते. बिंदू असे विखुरलेले पाहून वर्ग म्हणतो की तापमानाचा संबंध दिसत नाही. मग हिशोब सोपा होतो. 24 पैकी 7 म्हणजे सुमारे 29 टक्के धोका, समोर मोठा फायदा, तेव्हा उतरावे.

पाठाची खरी करामत येथे आहे. आणखी माहिती हवी असल्यास मागा, असे शिक्षक सांगत असतो. ज्या 17 शर्यतींत काहीच बिघडले नाही त्यांचे तापमान त्याच्याजवळ तयार असते, पण मागितल्याशिवाय तो ते देत नाही. सहसा कोणी मागत नाही. ते 17 बिंदू आलेखावर मांडले की चित्र पालटते, कारण ते सगळे 65 अंशांच्या वर आहेत. म्हणजे 65 च्या खाली चार शर्यती झाल्या आणि चारही वेळा इंजिन गेले, तर 65 च्या वर वीस शर्यती झाल्या आणि तीनदाच गेले. केवळ बिघाडांकडे पाहून बिघाडाचे कारण कळत नाही, हे इतक्या थोडक्यात शिकवणारा दुसरा पाठ आमच्या पाहण्यात नाही.

येथे थांबून वर्गाकडून एक गणित करून घ्यावे. तापमानाचा काही संबंध नसता, तर सर्वांत थंड चारही दिवस बिघाडाचे निघण्याची शक्यता किती? 24 मधून 4 दिवस निवडण्याचे 10,626 प्रकार आहेत आणि बिघाडाच्या 7 मधून 4 निवडण्याचे 35. म्हणजे सुमारे तीनशेत एक. हा आकडा जपून वापरावा, कारण 65 ही रेघ आपण नोंदी पाहून मग ओढली आहे. शिवाय 40 अंशांना एकही शर्यत झालेली नाही. सर्वांत थंड नोंदीच्याही खाली तेरा अंश जाऊन आपण अंदाज करत आहोत. आलेख तेथे काय होईल ते सांगत नाही. तो एवढेच सांगतो की आपण अनोळखी प्रदेशात पाऊल टाकत आहोत.

आता समारोप. शिक्षक जाहीर करतो की या नोंदी मोटारींच्या नाहीतच, त्या अमेरिकेच्या अंतराळयानाच्या आहेत. गॅस्केट म्हणजे इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यांतील रबराची ओ-रिंग. 28 जानेवारी 1986 रोजी कडक थंडीत 'चॅलेंजर' उडवले गेले आणि सात अंतराळवीर प्राणांस मुकले. 'तुम्हीही तेच यान उडवलेत', असे ऐकून वर्ग सुन्न होतो. आमचा आक्षेप या धक्क्याला आहे. तो परिणामकारक असला तरी इतिहासाशी प्रामाणिक नाही.

पहिली गोष्ट, मोटारीच्या गोष्टीत 7 वेळा इंजिन खरोखर निकामी झाले. यानाच्या बाबतीत त्या 7 उड्डाणांत ओ-रिंगला फक्त इजा झाली होती. आधीची चोवीसच्या चोवीस उड्डाणे सुखरूप परतली होती. इजा होऊनही यान परत येते, या अनुभवाने माणसे निर्धास्त होत गेली. मोटारीचा मालक अपयश पाहून निर्णय घेतो, तर यानाचे अधिकारी यश पाहून घेत होते. ही दोन मने वेगळी आहेत आणि दुसरे अधिक धोक्याचे. पाठात त्याचा मागमूस नाही.

दुसरी गोष्ट, आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी 53 अंशांखाली उड्डाण करू नये अशी शिफारस केली होती. ती त्यांच्याच व्यवस्थापनाने फिरवली. अभियंत्यांचा भरवसा फक्त आलेखावर नव्हता. थंड झालेले रबर दाबल्यावर पूर्ववत व्हायला वेळ लावते हे त्यांना ठाऊक होते. पुढे चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा चिमट्यात धरून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि हेच सर्वांना दाखवले. पाठात रॉकेटची मोटार झाली तेव्हा हे कारण गळून पडले आणि मेकॅनिकची नुसती शंका उरली. त्यामुळे 'कोणी माहिती मागितली नाही, म्हणून यान गेले' असा अर्धवट निष्कर्ष घेऊन विद्यार्थी घरी जातो. प्रत्यक्षात इशारा दिला गेला होता, पण आकड्यांनी सिद्ध करा असे म्हणून तो बाजूला सारला गेला.

हा पाठ घ्यायचा झाल्यास दोन बदल सुचवतो. चर्चेत मालक, दोन मेकॅनिक आणि प्रायोजक या भूमिका वाटून दिल्या की प्रत्येक जण आपली बाजू लढवतो, पण नोंदी तपासणे कोणाचेच काम राहत नाही. म्हणून एका विद्यार्थ्याला नोंदवही सांभाळणारा कारकून करावे. त्याने बाजू घ्यायची नाही; समोरच्या आलेखात कोणते दिवस नाहीत एवढेच विचारायचे. अर्ध्या गटांना असा कारकून द्यावा, अर्ध्यांना देऊ नये आणि निर्णय ताडून पाहावेत. दुसरा बदल असा, की दोन जोड तासिकांपैकी दुसरी पूर्ण समारोपासाठी राखावी. आधी 24 बिंदूंचा आलेख आणि गणित, मग चॅलेंजरचे नाव, आणि त्यानंतर फळ्यावर दोन रकाने: मोटारीच्या गोष्टीत काय आहे, यानाच्या हकिकतीत काय होते. फरक विद्यार्थ्यांनीच भरावेत.

पाठ आता बराच माहीत झाला आहे आणि गुपित फुटले की मधला भाग निकामी होतो. त्यामुळे शिक्षकांनी स्वतःची गोष्ट रचावी. किराणा दुकानातील बुडालेल्या उधारीची यादी देऊन 'कोणाला उधार देऊ नये?' असे विचारावे. फेडलेल्या उधारीची वही मात्र टेबलाच्या खणात ठेवावी आणि ती कोण मागतो ते पाहावे.