मुहूर्तावर विचारलेला प्रश्न

पाडव्याला नवे दुकान उघडणे वेगळे आणि ‘हे दुकान चालेल का?’ असे त्याच दिवशी ज्योतिष्याला विचारणे वेगळे. पहिली गोष्ट मुहूर्तशास्त्राची, दुसरी प्रश्नशास्त्राची. शुभ दिवशी विचारले की उत्तरही खरे येते, अशा समजुतीने या दोहोंची सरमिसळ केली जाते. ही समजूत शास्त्राच्या स्वतःच्याच नियमांवर टिकत नाही, असे माझे मत आहे.

मुहूर्तात माणूस वेळ निवडतो. प्रश्नकुंडली मात्र प्रश्न विचारला गेला त्या क्षणाची मांडतात. जन्मवेळेप्रमाणेच तो क्षण आपण निवडलेला नसतो, म्हणूनच त्याला अर्थ आहे, असे हे शास्त्र मानते. दिवस तिथीवरून ठरवला की सूर्यापासून चंद्र किती दूर, हेही ठरून जाते; आणि प्रश्नकुंडलीत चंद्राला तर मोठे वजन असते.

बलिप्रतिपदा पाहा. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंश वाढले की एक तिथी पूर्ण होते. म्हणजे प्रतिपदा चालू असेपर्यंत चंद्र सूर्यापासून बारा अंशांच्या आतच असतो. अस्तंगत आणि म्हणून निर्बळ. शिवाय कार्तिकाच्या आरंभी सूर्य तूळ राशीत, म्हणजे आपल्या नीच राशीत असतो. २ नोव्हेंबर २०२४ च्या पाडव्याला सकाळी नऊच्या सुमारास सूर्य तुळेच्या सोळाव्या अंशाजवळ होता, चंद्र तेविसाव्या अंशाजवळ. त्याच वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला, १० मे रोजी त्याच वेळी, सूर्य मेषेत आणि चंद्र वृषभेत, म्हणजे दोघेही आपापल्या उच्च राशीत होते.

आता एकाच माणसाने एकाच दुकानाबद्दल या दोन दिवशी विचारले असते, तर पाडव्याला दोन्ही ज्योती दुबळ्या आणि तृतीयेला दोन्ही बलवान दिसल्या असत्या. हा फरक दुकानाचा नाही, तिथीचा आहे. हीच स्थिती थोड्याफार फरकाने दर वर्षी परत येते.

यावर कुणी म्हणेल की लग्न साधारण दोन तासांनी बदलते, मग उत्तर ठरलेले कसे? आक्षेप रास्त आहे. लग्न बदलले की सूर्यचंद्रांची स्थाने बदलतात आणि त्यानुसार फलही बदलते. पण त्यांची राशी आणि त्यांच्यातले अंतर तेवढ्यात फारसे बदलत नाही. बळाचा तो भाग त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला सारखाच मिळतो.

म्हणून सणाच्या दिवशी मिळालेल्या उत्तरासाठी एक कसोटी सुचवतो. ‘चंद्र बलवान आहे, धंदा घ्या’ असे सांगितले गेले, तर विचारावे: आज इथे येऊन गेलेल्या प्रत्येकाचा चंद्र असाच होता ना? उत्तर ‘हो’ असेल, तर तेवढ्या आधारावर साठवलेली पुंजी धंद्यात घालू नये. तो कौल धंद्याचा नव्हे, पंचांगाचा आहे.